पाटी शाबूत, खिळा गेला

इंग्लंडमध्ये जुनं घर विकत घ्यायला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या हातात सर्व्हेअरचा अहवाल पडतो, तेव्हा छपराच्या पानावर बहुधा एक शेरा असतो: काही स्लेट सरकल्या आहेत, काहींना तडे आहेत, कारागिराकडून तपासून घ्या. मग कारागीर येतो, फुटपाथवर उभा राहून वर बघतो आणि ‘छप्पर संपलंय, सगळं नवं टाकावं लागेल’ असं सांगून हजारो पौंडांचा आकडा लिहून देतो. कौलांच्या घरात वाढलेल्या माणसाला त्यात वावगं वाटत नाही. सव्वाशे वर्षांचं छप्पर आहे, जायचंच कधीतरी.

पण स्लेटच्या छपरात दोन वेगवेगळ्या वस्तू म्हाताऱ्या होत असतात, आणि त्यांचं वय एकसारखं वाढत नाही. एक दगड, दुसरा तो दगड धरून ठेवणारा खिळा. चांगल्या प्रतीचा दगड शंभर-दीडशे वर्षांनीही तसाच असतो. लोखंडी खिळा त्याच्या कितीतरी आधी गंजून तुटतो. छप्पर गळतंय म्हणजे यातलं नेमकं काय गेलंय, हे ठरल्याशिवाय खर्चाचा अंदाज काढण्यात अर्थ नाही. आणि हे ठरवण्याचं बरंचसं काम घरमालकाला जमिनीवर उभं राहून करता येतं.

आधी दगडाबद्दल. आपली शाळेतली जुनी पाटी ज्या दगडाची, त्याच दगडाचं हे छप्पर. समुद्रतळाशी साचलेल्या बारीक चिखलाचे थर दबून आधी मऊ दगड होतो. पुढे भूपट्ट्यांच्या हालचालीत तो बाजूंनी चेपला जातो, तापतो, आणि त्यातले अभ्रकासारखे चपटे कण दाबाच्या काटकोनात एका दिशेला वळतात. त्यामुळे हा दगड त्या दिशेने छिन्नीच्या हलक्या ठोक्यानं पत्त्यासारखा सुटतो. चिखलाचे मूळ थर ज्या दिशेला होते, त्या दिशेलाच तो सुटेल असं नाही, बरेचदा सुटतही नाही. मूळ थरांवर सुटणारा साधा शेल काही पावसाळ्यांत भुगा होतो. स्लेट टिकते ती कण एकमेकांत घट्ट रुतल्यामुळे.

उत्तर वेल्समधल्या बेथेस्डाजवळची पेनरिन खाण आणि ब्लायनाय फेस्टिनिऑगच्या खाणी या दगडाचं माहेर. पेनरिनचा दगड जांभळट, सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा. फेस्टिनिऑगचा निळसर करडा, थोडा तरुण. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कापड गिरण्यांभोवती कामगारांच्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या, तेव्हा याच खाणींतल्या पाट्या आगगाडीनं आणि जहाजानं गावोगाव गेल्या. १८९८ च्या सुमारास वेल्सच्या या धंद्यात १७,००० च्या आसपास माणसं होती. पेनरिनचा १९०० ते १९०३ असा तीन वर्षांचा संप ब्रिटिश कामगार चळवळीत अजून आठवला जातो. २०२१ मध्ये युनेस्कोनं या खाणींच्या परिसराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पाट्यांच्या आकारांना नावंही सरदार घराण्यातली होती. २४ इंच बाय १२ इंचाची डचेस, २० बाय १० ची काउंटेस, १६ बाय ८ ची लेडी. कामगाराच्या दोन खोल्यांच्या घरावर काउंटेस बसवल्या जात, हा विनोद खाणीतल्या लोकांना समजत असणारच.

आपल्याकडेही हे छप्पर अगदीच अनोळखी नाही. धरमशालेला जाणाऱ्या मराठी पर्यटकाला धौलाधारच्या पायथ्याच्या गावांमध्ये करड्या दगडाची घरं दिसतात, ती कांगड्याच्या स्लेटची. तिथली पाटी वेल्सच्या पाटीपेक्षा जाड आणि ओबडधोबड असते. पण या लेखात मी व्हिक्टोरियन घरावरच्या वेल्सच्या स्लेटपुरतंच बोलणार आहे. कारण आज मराठी माणसं राहतायत ती त्या छपराखाली, आणि त्याच्या दुरुस्तीत फसतायत तीही त्याच.

स्लेट टिकते याचं मुख्य कारण ती पाणी पीत नाही. चांगल्या वेल्श पाटीत तिच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी शिरत नाही. पाणीच शिरलं नाही तर थंडीत ते गोठून दगड फोडणार कसं? मग ती खराब होते ती दोन गोष्टींमुळे. दगडात चुन्याचं प्रमाण जास्त असेल, तर कोळशाच्या धुरातल्या गंधकाचं आम्ल त्या चुन्याशी मिळून जिप्सम तयार करतं. जिप्सम जागा जास्त घेतं आणि पाटीचे पापुद्रे सुटायला लागतात. गंमत अशी की, ही खराबी वरच्या उघड्या भागावर आधी दिसत नाही. दोन पाट्या एकमेकींवर येतात तिथे पाणी केशाकर्षणानं अडकून राहतं, लवकर वाळत नाही, आणि दगड तिथे, खालच्या अंगाला, आधी कुजतो. म्हणून वरून निरोगी दिसणारी पाटी काढून उलटी केली की पाठीवर पांढरट, भुसभुशीत पट्टा सापडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पायराइट, सोन्यासारखे चमकणारे कण. काही पायराइट हवेत गंजतं, पाटीवर तांबडे ओघळ येतात आणि कधी त्या जागी आरपार भोक पडतं. सगळंच पायराइट वाईट नसतं, हेही सांगायला हवं. स्कॉटलंडच्या बॅलाह्युलिश खाणीच्या जुन्या पाट्यांत चौकोनी चमकदार दाणे सर्रास दिसतात आणि त्या छपरांनी शतक काढलंय. म्हणून चमक दिसली की घाबरू नये, ओघळ दिसले की विचारावं. युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या स्लेटची यासाठीच चाचणी होते: पाटी वारंवार भिजवून तापवतात, आणि पायराइट गंजत नाही, फार तर डाग पडतात, की भोक पडायची भीती आहे, यावरून तिला टी-१, टी-२ किंवा टी-३ अशी प्रत देतात. आज छपराची सर्वाधिक स्लेट स्पेनमधून येते. तिच्यात उत्तम मालही आहे आणि दहा-वीस वर्षांत ओघळणारा मालही. नवी स्लेट घेताना देशाचं नाव विचारून भागत नाही, हा प्रतीचा कागद मागावा लागतो. अमेरिकेतही हेच. व्हर्मांटची पाटी शंभर वर्षं सहज काढते, पण पेनसिल्व्हेनियाच्या मऊ काळ्या पाटीचा साठ वर्षांत निकाल लागतो.

आता पाटी बसवतात कशी, ते पाहू. मंगळुरी कौलाच्या पाठीला नाक असतं. ते रिपेला अडकतं आणि कौल आपल्या वजनानं जागेवर राहतं. म्हणूनच आपल्याकडे कौलं काढून, पुसून, पुन्हा लावता येतात. स्लेटच्या पाटीला नाकही नाही आणि कडेला खाचही नाही. ती सपाट दगडाची चकती. उतरत्या पाख्यावर ती राहते फक्त दोन खिळ्यांच्या जोरावर, आणि पाणी अडतं फक्त एकावर एक चढवण्याच्या हिशेबावर.

तो हिशेब असा. वाशांवर आडव्या रिपा ठोकलेल्या असतात. वळचणीपासून सुरुवात करून आढ्यापर्यंत पाट्यांच्या ओळी चढतात. प्रत्येक ओळीतली पाटी खालच्या ओळीतल्या दोन पाट्यांच्या जोडावर मध्यभागी येते, वीटकामात सांधा मोडतात तसा. पण एवढ्यानं भागत नाही. कारण जोडात शिरलेलं पाणी थेट माळ्यावर पडेल. म्हणून प्रत्येक पाटी खालच्या ओळीवर तर येतेच, शिवाय त्याखालच्या, म्हणजे दोन ओळी खालच्या पाटीच्या डोक्यावरही काही इंच चढते. या शेवटच्या चढावाला हेडलॅप म्हणतात. तो साधारण तीन ते चार इंच. उतार कमी असेल किंवा घर समुद्राच्या वाऱ्यात असेल तर जास्त.

एक काउंटेस घेऊ. लांबी २० इंच, हेडलॅप ३ इंच. वीसमधून तीन वजा केले, राहिले सतरा. त्याचे दोन भाग केले तर साडेआठ. म्हणजे दोन रिपांमधलं अंतर साडेआठ इंच, आणि वीस इंच लांब पाटीचा उघडा दिसणारा भाग फक्त साडेआठ इंच. बाकीचा साडेअकरा इंच दगड वरच्या पाट्यांखाली झाकलेला. छपराच्या कुठल्याही बिंदूवर निदान दोन पाट्या असतात, हेडलॅपच्या पट्ट्यात तीन. रस्त्यावरून आपण जे पाहतो ते खरं तर छपरातल्या दगडाच्या निम्म्यापेक्षाही कमी असतं. पुढे काय शोधायचं ते कळायला एवढा हिशेब पुरेसा आहे.

पाटीला खिळ्याची भोकं पाठीकडून ठोकून पाडतात. त्यामुळे तोंडाच्या बाजूला दगडाचा कपचा उडतो आणि वाटीसारखा खळगा होतो. खिळ्याचं डोकं त्या खळग्यात बसतं, वरच्या पाटीला टेकत नाही. भोकं पाटीच्या मध्याच्या थोडी वर असतात, म्हणजे खालच्या ओळीच्या पाटीचं डोकं संपतं तिथून जरा वर. खिळा किती ठोकायचा यात कारागिराचा हात दिसतो. पाटी खिळ्यावर लटकली पाहिजे. डोकं दगडाला जेमतेम टेकलं की थांबायचं. आणखी एक ठोका मारला की पाटी ताणाखाली राहते आणि कधीतरी, एखाद्या थंड रात्री, भोकापासून तडकते. ठोका कमी पडला तर वाऱ्यात पाटी खडखडते आणि भोक मोठं होत जातं. पाट्या जाडीप्रमाणे निवडून घेतात, जाड खाली, पातळ वर. नव्या कामात खिळे तांब्याचे किंवा अॅल्युमिनियमचे असतात.

जुन्या कामात मात्र ते बहुधा लोखंडाचे होते. गिरणी कामगारांच्या घरांच्या कंत्राटात तांब्याचा खिळा कोण घालणार? दमट हवेत लोखंडी खिळा मानेशी, म्हणजे दगडातून लाकडात शिरतो तिथे, गंजत जातो. साठ, सत्तर, ऐंशी वर्षं तो बारीक होत राहतो. मग एका वादळात तुटतो. पाटीचा एक खिळा गेला तर ती उरलेल्या खिळ्यावर फिरून तिरकी होते. दोन्ही गेले की ती सरळ खाली घसरते. इंग्लंडमधले कारागीर याला ‘नेल सिकनेस’ म्हणतात. एकाच महिन्यात, एकाच पेटीतले खिळे ठोकलेले असतात, म्हणून ते साधारण एकाच दशकात जायला लागतात. या वर्षी दोन पाट्या, पुढच्या वर्षी चार. मग नेमानं दर वादळाला काही.

स्कॉटलंडमध्ये पद्धत थोडी वेगळी आहे. तिथे रिपांऐवजी सलग फळ्या असतात आणि बऱ्याच पाट्या डोक्याजवळ एकाच खिळ्यावर लटकतात. त्यामुळे शेजारची पाटी बाजूला फिरवून मधली बदलता येते. दुरुस्तीला ही पद्धत मला जास्त शहाणी वाटते. असो.

सरकलेली पाटी ओळखायला शिडी लागत नाही, साधी दुर्बीण लागते. रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभं राहावं आणि सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरकं असताना बघावं. तिरक्या उन्हात प्रत्येक पाटीची खालची कड एक बारीक सावली टाकते. या सावल्यांच्या रेषा सरळ असायला हव्यात. एखादी कड रेषेखाली लोंबत असेल तर ती पाटी सुटली आहे. मग नजर तिच्यावर न ठेवता तिच्या वर न्यावी. ती जिथून निघाली तिथे एक आयत दिसतो, आजूबाजूपेक्षा वेगळ्या रंगाचा, शेवाळ नसलेला, कारण तो भाग आजवर झाकलेला होता. त्या आयताच्या मधोमध एक उभी फट असते. तोच खालच्या ओळीतल्या दोन पाट्यांचा जोड. पाणी आत जाणार ते याच फटीतून. पूर्ण नाहीशी झालेली पाटी पन्हळीत सापडते किंवा परसात तुकडे होऊन. तुकड्यांत भोकाची कड सापडली तर ती आवर्जून बघावी. भोक अखंड आणि दगड टणक असेल तर दोष खिळ्याचा. भोकाभोवती दगडाचा चुरा होत असेल तर दोष दगडाचा.

तडा शोधणं अवघड आहे, आणि तडा कुठे आहे याला महत्त्व आहे. पाटीच्या मधोमध वरून खाली गेलेला तडा वाईट, कारण त्याच्या बरोबर खाली खालच्या ओळीचा जोड असतो. तड्यातून गेलेलं पाणी जोडातून थेट माळ्यावर पोचतं. कडेच्या कोपऱ्यातला तडा त्या मानानं निरुपद्रवी. त्याच्या खाली अखंड दगड असतो आणि पाणी त्यावरून वाहून जातं. तिथला कोपरा उद्या सुटून खाली पडेल, एवढाच धोका. आडवा तडा बहुतेक वेळा खिळ्याच्या रेषेत असतो आणि तो ठोका जास्त बसल्याची खूण असतो. पाऊस थांबल्यावर छप्पर वाळत असताना बघितलं तर तडे उठून दिसतात. कोरड्या होत चाललेल्या पाटीवर ओली काळी रेघ मागे राहते. त्याच वेळी काही पाट्या पूर्णच ओल्या, काळसर राहिल्या असतील तर त्यांचा दगड पाणी प्यायला लागला आहे.

यानंतर माळ्यावर जावं. दिवा बंद करून डोळे सरावू द्यावेत. जुन्या घरांत पाट्यांखाली ताडपत्री किंवा फेल्ट नसे. पाट्यांच्या फटी आतून चुन्यानं लिंपलेल्या असत. तो चुना आता माळ्याच्या जमिनीवर पांढऱ्या ढेपळांच्या रूपात पडलेला असतो. ती ढेपळं पाहून घाबरू नये. रिपांजवळ, पाट्यांच्या कडेकडेनं तिरपा, अंधूक उजेड येणंही जुन्या छपरात चालण्यासारखं आहे. सरळ आकाश दिसलं तर ते चालणारं नाही. वाशांवर आणि रिपांवर हात फिरवावा. गळतीचा डाग जिथे दिसतो तिथे गळती असेलच असं नाही. पाणी वाशावरून ओघळत कित्येक फूट खाली येऊन मग थेंब टाकतं, म्हणून डागापासून वर आढ्याकडे शोध घ्यायचा. आणि हिवाळ्यात सकाळी सगळ्याच खिळ्यांच्या टोकांवर पाण्याचे थेंब दिसले तर तो पाऊस नाही. घरातली वाफ वर जाऊन गार खिळ्यावर जमलेली असते. या वाफेमुळे अनेक चांगल्या छपरांवर गळतीचा आळ येतो. उपाय हवा खेळती ठेवण्याचा आहे, छप्पर बदलण्याचा नाही.

आता एक घर घेऊन हिशेब मांडू. समजा, १८९० च्या दशकातलं रांगेतलं घर आहे. पुढचा पाखा १५ फूट रुंद आणि वळचणीपासून आढ्यापर्यंत १८ फूट. काउंटेस पाट्या. साडेआठ इंचाला एक ओळ, म्हणजे सुमारे २५ ओळी. ओळीत १८ पाट्या. एकूण ४५० च्या आसपास पाट्या आणि त्यांना ९०० खिळे. दुर्बिणीनं पाहिल्यावर सहा पाट्या सरकलेल्या दिसतात, पाख्यावर इकडेतिकडे विखुरलेल्या. पाच पाट्यांच्या खालच्या कडेला शिशाची बोटभर रुंद पट्टी वळवलेली दिसते. धुराड्याजवळ तीन पाट्यांना तडे आहेत, एकाखाली एक.

धुराड्याजवळचे तडे आधी बाजूला काढू. एका रेषेत, एकाखाली एक तडे पडायला दगड जबाबदार नसतो. कुणीतरी अँटेना लावायला किंवा धुराडं दुरुस्त करायला तिथे चढलं आणि पाट्यांवर पाय देऊन गेलं. स्लेट माणसाचं वजन घेत नाही. आढ्याला आकडा अडकवणारी शिडी न वापरणाऱ्या माणसाला छपरावर चढूच देऊ नये, मग तो सोलर पॅनेल लावायला आलेला का असेना.

उरलेल्या सहा आणि पाच या संख्या एकत्र वाचायच्या. शिशाची पट्टी म्हणजे पूर्वी सुटलेली पाटी परत बसवल्याची खूण. बदललेल्या पाटीला खिळा मारता येत नाही, कारण खिळ्याची जागा वरच्या ओळीखाली झाकलेली असते. म्हणून कारागीर रिपर नावाची लांब, पातळ, टोकाला आकडे असलेली लोखंडी पट्टी पाटीखाली सरकवतो, जुना खिळा आकड्यात धरून मुठीवर हातोडा मारून ओढून काढतो. मग उघड्या झालेल्या जोडातून रिपेवर शिशाची किंवा तांब्याची पट्टी ठोकतो, नवी पाटी वर सरकवतो आणि पट्टीचं टोक पाटीच्या कडेवर वर वळवून घट्ट करतो. या पट्टीला टिंगल म्हणतात. शिसं मऊ असल्यानं बर्फाच्या वजनानं ते उलगडतं आणि पाटी पुन्हा सुटते. तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलच्या आकड्याची दुरुस्ती जास्त टिकते, हे सांगूनच काम द्यावं.

म्हणजे आजवर ४५० पैकी अकरा पाट्या सुटल्या. अडीच टक्के. आकडा किरकोळ वाटतो. पण त्या विखुरलेल्या आहेत, म्हणजे कारण स्थानिक नाही, सगळ्या पाख्याला लागू आहे. कारागिराला दोन-तीन ठिकाणी पाटी काढून दाखवायला सांगावं. खिळा मानेशी सुईसारखा झालेला असेल आणि पाटी बोटाच्या सांध्यानं ठोकल्यावर खणखणत असेल, तर निदान पक्कं: दगड चांगला, खिळे संपले. अशा वेळी सहा पाट्या टिंगल मारून बसवाव्या आणि चार-पाच वर्षांत पाखा उतरवण्याची तयारी ठेवावी. उतरवायचा म्हणजे पाट्या फेकायच्या नाहीत. त्या काढून, ठोकून, निवडून, तांब्याच्या खिळ्यांनी नव्या रिपांवर परत बसवायच्या. काढताना काही फुटतात, काहींची भोकं मोठी झालेली असतात. तेवढ्यापुरत्या त्याच खाणीच्या, त्याच मापाच्या जुन्या पाट्या विकत मिळतात. पाखे दोन असतील तर चांगल्या निघालेल्या पाट्या एका पाख्याला एकत्र लावायच्या, दुसऱ्याला बाहेरून आणलेल्या. खाणी वेगळ्या असल्या की जाडीही वेगळी निघते, आणि एकाच पाख्यावर सरमिसळ केली की पाट्या नीट बसत नाहीत.

उलट, ठोकल्यावर पाटीचा आवाज बद्द आला, कडा नखानं पापुद्रे सुटावेत अशा झाल्या असतील, पाठीवर पांढरा भुसा असेल, आणि दोन-तीन ठिकाणच्या सगळ्याच पाट्या तशा निघाल्या, तर मात्र दगड संपला. तिथे तांब्याचे खिळे मारून उपयोग नाही. नवी स्लेट घ्यावी लागेल आणि ‘सगळं नवं’ म्हणणारा कारागीर बरोबर आहे.

या दोन्हींच्या मधला एक रस्ता दारावर येऊन विकला जातो: पाट्यांना आतून फोम फवारून चिकटवून टाकण्याचा किंवा वरून डांबरी लेप देण्याचा. सरकणाऱ्या पाट्या त्यानं थांबतात, हे खरं. पण फोममुळे रिपांना हवा मिळत नाही, लाकडाचं काय होतंय ते दिसत नाही, आणि पुढे उतरवताना पाटीला फोम चिकटून ती वाया जाते. शंभर वर्षं आणखी चालू शकणारा दगड अशानं कचऱ्यात जातो. ब्रिटनमधल्या अनेक गृहकर्ज संस्था फोम मारलेल्या छपराच्या घराला कर्ज देताना खळखळ करतात. स्वस्त पडतं म्हणून हे करून घेतलेलं घर विकताना महाग पडतं.

तेव्हा छपराचं मोजमाप लिहून आणणाऱ्या कारागिराला दोनच प्रश्न विचारावेत. माझी पाटी आणि माझा खिळा काढून हातात द्याल का? आणि तुमच्या आकड्यात दगडाची किंमत किती, मजुरी किती? ज्याला पहिलं दाखवायचं नाही किंवा दुसरं वेगळं लिहून द्यायचं नाही, त्याला काम देऊ नये.